अर्धवर्तुळातून सर्वांत मोठा आयत: माप कसं काढायचं आणि खूण कशी करायची

आमच्याकडे जुनं गोल जेवणाचं टेबल होतं, १२० सेंमी व्यासाचं. पावसाळ्यात खिडकीतून पाणी येऊन त्याचं अर्धं पान फुगलं. उरलेला अर्धा भाग मात्र ठणठणीत होता. वहिनी म्हणाली, यातून मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचं पान निघेल. मिस्त्री आले, फुगलेला भाग कापून काढला, आणि समोर ६० सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ उरलं.

आता आयत कुठला कापायचा यावर दोघांचं जमेना. मिस्त्री म्हणाले, "लांबी घ्या वहिनी. ९६ लांब, ३६ रुंद. लांब पान मोठं दिसतं." वहिनीला रुंदी हवी होती. "३६ मध्ये वही आणि लॅपटॉप कसं मावणार? ७२ लांब चालेल, पण ४८ रुंद हवं." मोठं पान कुठलं, हे मला विचारलं गेलं, कारण मी बारावीच्या मुलांना गणित शिकवतो.

९६ × ३६ म्हणजे ३४५६ चौरस सेंमी. ७२ × ४८ म्हणजेही ३४५६ चौरस सेंमी. अगदी काटेकोर बरोबरी! आणि दोन्हींपेक्षा मोठा आयत त्याच लाकडातून निघत होता. ही बरोबरी योगायोगाने आलेली नाही, आणि ती का येते हे कळलं की सगळं गणित उलगडतं.

आकृती आधी नीट काढा

अर्धवर्तुळ सपाट बाजू खाली ठेवून काढा. ही सपाट बाजू म्हणजे व्यास. त्याचा मध्यबिंदू O, हेच वर्तुळाचं केंद्र. आयताचा पाया व्यासावर आणि वरचे दोन कोपरे कमानीवर.

इथे एक प्रश्न हुशार मुलं विचारतात: पाया व्यासावरच का? आयत तिरका बसवला तर? अंतर्लिखित आयत म्हटलं की चारही कोपरे अर्धवर्तुळाच्या कडेवर हवेत. समजा त्यातले तीन कमानीवर आहेत. आयताचे तीन कोपरे काटकोन त्रिकोण करतात, आणि वर्तुळावरच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण हा वर्तुळाचा व्यासच असतो. पण आपल्या कमानीवर व्यासाची दोन टोकं फक्त एकाच ठिकाणी सापडतात, ती म्हणजे सपाट बाजूची दोन टोकं. मग आयताचा कर्ण सपाट बाजूवर पडला, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतला एक वर, एक खाली. खाली तर लाकूडच नाही. म्हणून कमानीवर दोनपेक्षा जास्त कोपरे येऊच शकत नाहीत, उरलेले दोन सपाट बाजूवरच येतात. तेही शेजारचे दोन, कारण समोरासमोरचे आले तर पुन्हा तीच अडचण. तिरक्या आयताचा विषय इथेच संपतो.

आयत केंद्राच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला असतो. कारण वरचे दोन कोपरे सारख्याच उंचीवर आहेत, आणि कमानीवर सारख्या उंचीचे बिंदू केंद्रापासून डावी-उजवीकडे सारख्याच अंतरावर असतात. केंद्रापासून पायाच्या एका टोकापर्यंतचं अंतर x माना आणि उंची y. म्हणजे पूर्ण लांबी 2x. हे वहीत ठळक लिहून ठेवा, कारण या गणितातल्या निम्म्या चुका x लाच पूर्ण लांबी समजल्याने होतात.

केंद्रापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली की ती त्रिज्या. पायथागोरस लावला की:

x² + y² = r²

आणि क्षेत्रफळ:

A = 2xy

लांबी, रुंदी आणि त्रिज्या यांची सांगड या दोन ओळींत पूर्ण झाली.

कमाल काढायची सर्वांत सरळ वाट

पुस्तकी वाट अशी की y ची किंमत x मध्ये लिहायची, डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि तो शून्याशी ताडायचा. ती खाली दाखवतोच. पण मला जास्त आवडते ती वाट तीन ओळींची आहे आणि तिला दहावीचं बीजगणित पुरतं:

(x − y)² = x² + y² − 2xy

उजवीकडे x² + y² च्या जागी r² आणि 2xy च्या जागी A लिहा:

(x − y)² = r² − A

म्हणजेच:

A = r² − (x − y)²

या शेवटच्या ओळीकडे जरा थांबून बघा. क्षेत्रफळ r² पेक्षा कधीच जास्त होणार नाही, कारण त्यातून एक वर्ग वजा होतोय आणि वर्ग ऋण नसतो. आणि r² इतकं ते कधी होईल? वजाबाकी शून्य झाली तर, म्हणजे x = y असेल तर. अर्धी लांबी आणि उंची सारखी झाली की काम फत्ते.

मग x² + y² = r² मध्ये दोन्ही सारखे घातले की 2x² = r², म्हणून:

x = y = r/√2

लांबी = 2x = r√2

उंची = y = r/√2

क्षेत्रफळ = r√2 × r/√2 = r²

लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट. दुसऱ्या शब्दांत, दोन सारखे चौरस शेजारी-शेजारी ठेवले की हा आयत तयार होतो, आणि मधली रेघ केंद्रातून जाते. आमच्या ६० सेंमीच्या पानात ही मापं ८४.८५ × ४२.४३ येतात आणि क्षेत्रफळ ३६०० चौरस सेंमी.

आता मिस्त्री आणि वहिनींच्या बरोबरीकडे परत या. मिस्त्रींच्या आयतात x = ४८, y = ३६. वहिनींच्या आयतात x = ३६, y = ४८. नुसती अदलाबदल. दोन्हीकडे फरक १२, त्याचा वर्ग १४४, आणि ३६०० मधून १४४ गेले की ३४५६. दोघंही बरोब्बर तेवढंच गमावत होते, एक लांबीच्या बाजूने, दुसरी रुंदीच्या बाजूने.

तक्ता करून बघा

सूत्रावर विश्वास बसायचा असेल तर काही किमती हाताने काढाव्यात. r = ६० धरून, सगळी मापं सेंटीमीटरमध्ये:

| अर्धी लांबी x | उंची y | पूर्ण लांबी | क्षेत्रफळ |
|---|---|---|---|
| २० | ५६.५७ | ४० | २२६३ |
| ३० | ५१.९६ | ६० | ३११८ |
| ३६ | ४८.०० | ७२ | ३४५६ |
| ४० | ४४.७२ | ८० | ३५७८ |
| ४२ | ४२.८५ | ८४ | ३५९९ |
| ४३ | ४१.८५ | ८६ | ३५९९ |
| ४८ | ३६.०० | ९६ | ३४५६ |
| ५० | ३३.१७ | १०० | ३३१७ |

यात एक गोष्ट सुताराच्या कामाची आहे. ४० पासून ४३ पर्यंत क्षेत्रफळ जेमतेम हललं. ४० ला कापलं तर तोटा फक्त २२ चौरस सेंमीचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. याचं कारणही त्याच सूत्रात आहे: तोटा फरकाच्या वर्गाइतका असतो, आणि लहान फरकाचा वर्ग (मोठ्या त्रिज्येच्या मानाने) नगण्यच. त्यामुळे ८४.८५ चं दशांश चिन्ह धरून बसायची गरज नाही. पण २० किंवा ३० वर गेलात की घसरण जोरात सुरू होते.

परीक्षेत लिहायची पद्धत

बारावीच्या पेपरात बहुधा डेरिव्हेटिव्ह वापरूनच उत्तर अपेक्षित असतं. ते असं:

A = 2x√(r² − x²), 0 < x < r

याचा थेट डेरिव्हेटिव्ह घेतला तर वर्गमूळ गळ्यात पडतं आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह तर पानभर जातो. म्हणून A² घ्या. A धन आहे, त्यामुळे A² जिथे कमाल तिथेच A कमाल. हे एक वाक्य उत्तरात लिहायला विसरू नका, नाहीतर तपासणारा विचारणार की A ऐवजी A² कुठून आलं.

S = A² = 4r²x² − 4x⁴

dS/dx = 8r²x − 16x³ = 8x(r² − 2x²)

हे शून्य तेव्हा, जेव्हा x = 0 किंवा x² = r²/2. x = 0 वर आयतच उरत नाही, म्हणून तो सोडा. राहिलं x = r/√2. ऋण किंमतही मिळते, पण x हे अंतर असल्याने तीही सोडायची.

d²S/dx² = 8r² − 48x²

x² = r²/2 घातलं की 8r² − 24r² = −16r². ऋण आलं, म्हणून कमाल. मग y = √(r² − r²/2) = r/√2.

शेवटचं उत्तर लिहिताना लांबी r√2 लिहा. दरवर्षी काही मुलं इथपर्यंत सगळं बरोबर करतात आणि 'लांबी r/√2, रुंदी r/√2, म्हणून तो चौरस' असं लिहून मोकळी होतात. x म्हणजे अर्धी लांबी हे ती वाटेत विसरतात. स्वतःला पकडायचा सोपा मार्ग: लांबी आणि रुंदीचा गुणाकार करा. r² आला पाहिजे. r²/2 आला तर कुठेतरी दोनने गुणायचं राहिलंय.

कोन वापरूनही उत्तर सुटतं. केंद्रातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी त्रिज्या व्यासाशी θ कोन करते असं धरलं तर x = r cos θ, y = r sin θ, आणि

A = 2r² sin θ cos θ = r² sin 2θ

साइनची सर्वांत मोठी किंमत 1, ती 2θ = 90° ला. म्हणून θ = 45°. डेरिव्हेटिव्हसुद्धा लागत नाही. पेपरात 'कॅल्क्युलस वापरून' असं स्पष्ट म्हटलं नसेल तर मी मुलांना हीच पद्धत सांगतो, कारण यात चुकायला जागाच कमी आहे. शिवाय हा ४५ अंशाचा कोन लाकडावर थेट उपयोगी पडतो.

लाकडावर खूण करताना

सुरुवात केंद्र शोधण्यापासून. सपाट बाजू टेपने मोजा, अर्धी करा, खूण करा. आमच्या पानावर ती ६० वर आली. आता या खुणेपासून कमानीपर्यंत तीन-चार दिशांना टेप लावून बघा: मधोमध सरळ वर, आणि दोन्हीकडे तिरकं. सगळीकडे ६० आलं तर तुमच्याकडे खरंच अर्धवर्तुळ आहे. मधोमध ५९ आलं आणि सपाट बाजूची लांबी मात्र जवळपास १२० असेल, तर कापताना करवत केंद्राच्या थोडी वर गेलीये, आणि हातात अर्ध्यापेक्षा थोडा लहान तुकडा आहे. आमचं नेमकं हेच झालं होतं, त्याबद्दल पुढे.

केंद्राच्या खुणेवर ४५ अंशाचा गुण्या लावा. एक रेघ डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही कमानीला भिडेपर्यंत. जिथे भिडल्या ते आयताचे वरचे दोन कोपरे. तिथून गुण्याने सपाट बाजूवर लंब टाका, वरचे कोपरे सरळ पट्टीने जोडा. त्रिज्या किती हे माहीत नसलं तरीही ही रीत चालते, एकही आकडेमोड न करता.

४५ चा गुण्या नसेल तर कागदाची चौकोनी घडी तिरकी दुमडून ४५ अंश मिळतो, पण एवढ्या मोठ्या पानावर कागदाचा छोटा कोन पुढे वाढवताना सेंटीमीटरभर तरी सरकतो. त्यापेक्षा टेपने करा: केंद्रापासून दोन्ही बाजूंना त्रिज्येच्या 0.707 पट अंतर घ्या, ६० साठी ४२.४, आणि त्या दोन खुणांवरून लंब वर न्या.

खूण करून झाली की करवत लावण्याआधी दोन तपासण्या. पहिली, दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर आकार आयत नाही, समांतरभुज चौकोन झालाय किंवा वरची बाजू तिरकी आहे. दुसरी, कर्णाचं प्रत्यक्ष माप. लांबी r√2 आणि उंची r/√2 असेल तर पायथागोरसने कर्णाचा वर्ग 2r² + r²/2 = 2.5r² येतो, म्हणजे कर्ण त्रिज्येच्या 1.58 पट. ६० साठी तो ९४.९ सेंमी. कर्ण एकमेकांशी जुळतात पण ९४.९ च्या जवळ नाहीत, असं झालं तर आयत बरोबर आहे, पण सर्वांत मोठा नाही.

आता आमच्या पानाचा किस्सा. मधोमध ५९ भरले. करवत केंद्राच्या सेंटीमीटरभर वरून गेली होती. अशा वेळी लांबी ८४.८५ आणि उंची ४२.४३ या दोन्ही संख्या आंधळेपणाने लाकडावर उतरवल्या तर वरचे कोपरे कमानीच्या बाहेर हवेत जातात. मिस्त्रींनी तसंच आखलं होतं, आणि कोपऱ्यावर पेन्सिल लाकडाबाहेर गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पायथागोरसच चुकला असावा. उपाय सोपा आहे: एकच माप आकड्यावरून घ्या, दुसरं कमानीला ठरवू द्या. पायाच्या खुणा केंद्रापासून ४२.४ वर करा, लंब वर न्या, आणि ते कमानीला जिथे भिडतील ती उंची. आमच्याकडे ती ४१.४ आली. एवढ्या लहान कमतरतेसाठी नव्याने कमाल काढत बसायचं कारण नाही. मी कुतूहल म्हणून काढून पाहिली, आदर्श कोन ४५ ऐवजी सुमारे ४५.३ अंश निघाला. पेन्सिलच्या रेघेची जाडी तेवढा फरक गिळून टाकते.

पात्याची जाडीही लक्षात ठेवा. करवत नेहमी रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवा, नाहीतर प्रत्येक कडेला दोन-तीन मिलिमीटर जातात, आणि रंधा मारल्यावर आणखी.

दोन सारखे दिसणारे पण वेगळे प्रश्न

मिस्त्रींना कडेला बीडिंगची पट्टी लावायची होती, आणि त्यांनी सहज विचारलं, "मोठ्यात मोठा आयत म्हणजे पट्टीही जास्तीत जास्त लागणार ना?" तसं नाही. क्षेत्रफळ कमाल करणारा आयत आणि परिमिती कमाल करणारा आयत वेगळे आहेत. परिमिती 4x + 2y. इथे x चं वजन y च्या दुप्पट, त्यामुळे कमाल x = 2y ला येते, म्हणजे लांबी उंचीच्या चौपट. r = ६० साठी तो आयत १०७.३ × २६.८, परिमिती २६८.३ सेंमी, पण क्षेत्रफळ फक्त २८८०. आपल्या आयताची परिमिती २५४.६. प्रश्नात 'परिमिती' शब्द आहे की 'क्षेत्रफळ', हे दोनदा वाचा. उत्तर बदलतं.

दुसरा गोंधळ खिडकीचा. खाली आयत आणि त्याच्या डोक्यावर अर्धवर्तुळ अशी खिडकी, एकूण परिमिती दिलेली, प्रकाश जास्तीत जास्त यावा. हाही बारावीचा नेहमीचा प्रश्न. पण तिथे अर्धवर्तुळ आयताच्या बाहेर आहे आणि बंधन परिमितीचं आहे. उत्तर येतं: आयताची उंची = अर्धवर्तुळाची त्रिज्या. ते उत्तर पाठ असलेली मुलं आपल्या गणितातही उंची r लिहून टाकतात. उंची r असलेला आयत अर्धवर्तुळात बसवायचा म्हटला तर त्याची लांबी शून्य होते, कारण r उंचीवर कमानीचा फक्त एक बिंदू आहे. एवढी एक खात्री केली की चूक तिथेच सापडते.

प्रश्नात व्यास d दिला असेल तर r = d/2 घाला: लांबी d/√2, उंची d/(2√2), क्षेत्रफळ d²/4. इथे r च्या जागी d ठेवून मोकळं झालं तर क्षेत्रफळ चौपट येतं. ते संपूर्ण अर्धवर्तुळापेक्षाही मोठं भरतं, म्हणून चूक लपत नाही. अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ πr²/2, त्यामुळे सर्वांत मोठा आयत त्यातला 2/π भाग, सुमारे ६३.७ टक्के घेतो. याहून जास्त टक्के कुणाचं उत्तर देत असेल तर तपासायला हवं.

आमच्या पानाचं शेवटी असं ठरलं: वहिनीला रुंदी हवी होती, म्हणून ८४ ऐवजी ८० लांबी घेतली. लंब कमानीला ४३.७ वर भिडले, रंध्यानंतर ४३.५ राहिले. कमालीपेक्षा तोटा नगण्य, आणि वही-लॅपटॉप दोन्ही मावतात. बाजूच्या दोन वाकड्या तुकड्यांतून मिस्त्रींनी भिंतीवरच्या कोपऱ्याच्या दोन फळ्या काढून दिल्या, त्या मात्र नुसत्या नजरेच्या अंदाजाने.